‘पण ती’ की ‘पणती’? अक्षराच्या फोटोवर अभिप्राय देताना

फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते: ‘माझं अक्षर कसं आहे?’ हे लिखाण कोणी वाचायचं आहे, किती वेळात लिहिलंय, सुधारायचं आहे की नुसतं विचारलंय, काहीच कळत नाही. अशा वेळी ‘छान आहे’ म्हणून सुटता येतं, किंवा पंधरा दोष काढून समोरच्याला गप्प करता येतं. दोन्हींचा उपयोग शून्य. माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर देण्याजोगं रूप एकच: तुमचं पान वाचताना मी कुठे अडखळलो आणि का. अक्षर सुंदर आहे का यावर दोन माणसांचं एकमत होणार नाही, पण ‘भरती’ हा शब्द ‘मरती’ वाचला गेला याबद्दल वाद होत नाही.

हे काम कसं चालतं ते एका पानावरून सांगतो. स्पर्धा परीक्षेच्या लेखी उत्तरांचा सराव करणाऱ्या एकीचं पान होतं. एकरेघी वही, निळं जेल पेन, चौदा ओळी, साधारण १०५ शब्द, विषय कोकणातली खाडी आणि भरती-ओहोटी.

पहिला अडथळा अक्षराचा नव्हता, फोटोचा होता. पान मोबाइलमधल्या स्कॅनरने काढलेलं आणि वर काळा-पांढरा फिल्टर मारलेला. पान पांढरंशुभ्र दिसत होतं, पण ‘बांध’चा ‘बाध’ झाला होता आणि ‘वंगण’चा ‘वगण’. तीन ठिकाणी अनुस्वार नाहीत. तेवढ्यावरून ‘तुम्ही अनुस्वार विसरता’ असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. पण हा फिल्टर ठरावीक गडदपणाच्या वरचं ते काळं आणि बाकीचं सगळं पांढरं करतो. हलक्या हाताने टेकवलेले ठिपके त्यात पहिले जातात, आणि उरलेल्या रेघा असतात त्याहून जाड होतात. मूळ फोटो मागवला तर तिन्ही अनुस्वार जागेवर होते, फक्त फिकट.

म्हणून आधी फोटो तपासायचा. वहीच्या छापील रेघा फोटोत एकमेकींना समांतर आणि सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. वरच्या बाजूला त्या जवळ येत असतील तर मोबाइल तिरका धरला होता, आणि मग अक्षरांच्या कलण्याबद्दल किंवा वरच्या ओळी लहान असल्याबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला राहत नाही. नवा फोटो मागताना सूचना थोडक्यात द्याव्यात: पान टेबलावर सपाट, खिडकीचा उजेड एका बाजूने, फ्लॅश बंद, मोबाइल पानाच्या बरोबर वर फूटभर उंचीवर, आपली सावली पानावर नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर दाबून लहान केलेल्या चित्रात ‘ब’च्या पोटातली रेघ विरघळते आणि दोष लिहिणाऱ्याच्या माथी येतो.

सोबत दोनच प्रश्न विचारतो. हे किती वेळात लिहिलं? आणि हे वाचणार कोण? उत्तर आलं: नऊ मिनिटांत, परीक्षक वाचणार, परीक्षेला दोन महिने आहेत. या तिन्ही गोष्टींनी अभिप्राय बदलतो. नऊ मिनिटांत १०५ शब्द म्हणजे मिनिटाला बारा शब्दांच्या आसपास. फोटोसाठी जपून कोरलेलं नाही, विचार करत लिहिलेलं आहे. तेच पान पंचवीस मिनिटांत लिहिलेलं असतं, तर ते परीक्षेतलं अक्षर नव्हतंच, आणि त्यावर बोलून फायदा नव्हता. अशा वेळी घड्याळ लावून लिहिलेलं दुसरं पान मागवावं लागतं.

मग वाचन. पहिल्यांदा मोठ्याने, नेहमीच्या वेगाने, मागे न फिरता. जिथे जीभ अडते तिथे कागदावर ओळीचा आकडा आणि शब्द टिपायचा. कारण शोधायला थांबायचं नाही. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीपासून वर, एकेक शब्द सुटा. असं उलटं वाचलं की संदर्भाची मदत सुटते, आणि डोळ्याने नाही तर अंदाजाने वाचलेले शब्द उघडे पडतात. परीक्षकाला संदर्भ असतो हे खरं, पण चाळिसावा पेपर तपासताना तो अंदाज बांधायचे कष्ट घेईलच असं नाही. शेवटच्या चार ओळींकडे जास्त लक्ष द्यायचं. पहिल्या तीन ओळी प्रत्येकाच्या बऱ्या असतात.

या पानावर बारा ठिकाणी अडलो. यादी नुसती पाहिली तर बारा वेगवेगळ्या चुका वाटतात. कारणांप्रमाणे लावली तर चारच उरतात, आणि त्यातल्या दोन कारणांनी बारापैकी नऊ अडथळे व्यापले होते.

सर्वांत मोठं कारण शिरोरेषा. ‘भरती’ दोनदा ‘मरती’ वाचलं गेलं, ‘धूप’ची ‘घूप’ झाली, ‘बांध’चा ‘बांघ’, आणि ‘वाळूचे थर’चे ‘वाळूचे यर’. पाच अडथळे, पण चूक एकच. थ, ध, भ या तिघांच्या डाव्या बाजूला वर एक छोटं वेटोळं असतं आणि त्याच्यावर शिरोरेषा नसते. ती उजवीकडच्या उभ्या दंडाच्या डोक्यावर तेवढी असते. य, घ, म यांची डावी बाजू मात्र शिरोरेषेलाच लटकलेली असते. म्हणजे थ आणि य, ध आणि घ, भ आणि म या जोड्या वेगळ्या ठेवायचं काम दोन खुणा करतात: वेटोळं आणि वरची मोकळी जागा. भरभर लिहिताना वेटोळं लहान होत होत नुसतं टोक उरतं. ते चालून जातं, पण वरची जागा उघडी असेल तरच. ही लेखिका शब्द पूर्ण झाला की वरून एका झटक्यात सलग रेघ ओढत होती. दुसरी खूणही पुसली गेली आणि ‘भ’ला ‘म’ होण्यावाचून पर्याय उरला नाही.

हे अक्षराच्या वळणाचं दुखणं नाही, हे तिला सांगणं महत्त्वाचं होतं. तिचे भ आणि ध रेघ ओढण्याआधी अगदी नीट होते. फोटो मोठा करून पाहिला तर रेघेखाली वेटोळं दिसत होतं.

दुसरं कारणही त्याच रेघेशी जोडलेलं निघालं: शब्दांमधलं अंतर. चार अडथळे इथले. सातव्या ओळीत ‘पण ती’ होतं, ते ‘पणती’ झालं. दुसऱ्या ओळीत ‘आत शिरते व ओहोटीला’ यातला सुटा ‘व’ मागच्या शब्दाला चिकटून ‘शिरतेव’ झाला. तिसऱ्या ओळीत ‘ते परत’ एकत्र आले. आणि सगळ्यांत बघण्यासारखं होतं ते ‘आत शिरते’. ऱ्हस्व वेलांटीचा दंड अक्षराच्या आधी येतो. शब्दांमध्ये फट नसली की तो दंड मागच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराजवळ जाऊन बसतो. त्यात वेलांटीची कमान आखूड असेल, ‘श’च्या दंडापर्यंत पोचत नसेल, तर डोळा ती मागच्या ‘त’ला देतो. ‘आत शिरते’चं झालं ‘आती शरते’. मी दोनदा वाचूनही तेच वाचत होतो.

देवनागरीत शब्द कुठे संपला हे सांगायचं काम मोकळी जागा आणि शिरोरेषेचं तुटणं दोघं मिळून करतात. पुष्कळ जण शिरोरेषा देतच नाहीत, तेही वाचता येतं, पण मग शब्दांतलं अंतर दीडपट तरी लागतं. उलट रेघ शब्दाच्या पुढे दोन मिलिमीटर वाहवत गेली तर खाली जागा असूनही शब्द जोडलेले दिसतात. मोडीत आधी पानभर रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जायची पद्धत होती. ती वाचणारे त्या कामात मुरलेले असत. आपला परीक्षक तसा नाही.

तिसरं कारण आकाराचं. दोन अडथळे. वहीच्या दोन रेघांमध्ये साधारण आठ मिलिमीटर अंतर असतं, आणि फोटोत पट्टी नसली तरी या रेघांवरून मोजता येतं. तिच्या अक्षराचा मुख्य भाग, म्हणजे शिरोरेषेपासून दंडाच्या टोकापर्यंत, जवळजवळ साडेपाच मिलिमीटर भरत होता. उरलेल्या अडीच मिलिमीटरमध्ये वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा, वेलांट्या, रफार एवढी सगळी मंडळी बसवायची. नवव्या ओळीतल्या ‘वाळू’चा दीर्घ उकार खाली उतरला तो थेट दहाव्या ओळीतल्या ‘काठची’च्या काना-डोक्यावर. त्याचं शेपूट मात्रेसारखं दिसलं आणि ‘काठची’ची ‘कोठची’ झाली. इथे सुवाच्यतेसाठी अक्षर मोठं काढायचा सल्ला नेमका उलटा पडतो. मुख्य भाग ओळीच्या निम्मा किंवा त्याहून किंचित जास्त, चार ते साडेचार मिलिमीटर, ठेवला की वरखाली श्वास घ्यायला जागा राहते. मात्र त्याहून लहान करायचं तर पेन बारीक लागतं, नाहीतर व-ब आणि प-ष यांची पोटं भरून येतात. पेनावर ०.५ किंवा ०.७ लिहिलेलं असतं तो गोळीचा व्यास. कागदावरची रेघ त्याहून बारीक उमटते. तिचं पेन ०.५ चं होतं. पेन बदलायची गरज नव्हती.

चौथ्या कारणाचा अडथळा एकच, ‘खाडी’चा ‘रवाडी’. गंमत अशी की पानावर ‘ख’ सहा वेळा होता आणि मी फक्त पहिल्या वेळी अडलो. ‘मुखाशी’, ‘खारे’ हे नंतर सरळ वाचले, कारण तोपर्यंत तिचा ‘ख’ मला ओळखीचा झाला होता. म्हणूनच आपलं अक्षर आपल्याला नेहमी वाचता येतं, आणि म्हणूनच अडथळे मोजायचे ते पहिल्या वाचनातले. घरच्यांना दाखवून ‘आम्हाला तर वाचता येतं’ ही पावती मिळते तिचाही अर्थ एवढाच. ‘ख’चा उपाय सोपा आहे: ‘र’चं शेपूट खाली ‘व’च्या पोटाला नेऊन टेकवायचं, मग ते दोन अक्षरांत फुटत नाही.

काही गोष्टी दिसल्या, पण मुद्दाम लिहिल्या नाहीत. तिचा ‘श’ हिंदी वळणाचा गाठीचा होता आणि ‘ल’ दंडाचा. मराठीत देठाचा श आणि पाकळीचा ल आपण जास्त मानतो. पण एकदाही त्यांनी अडवलं नाही, तर त्यांना हात का लावा? ओळी शेवटाकडे किंचित चढत होत्या, तेही सोडलं. पेन कसं धरता, मनगट कुठे टेकता हे फोटोवरून सांगता येत नाही, आणि अक्षरावरून स्वभाव तर मुळीच नाही. लहान मुलाचं पान असेल आणि अक्षरं उलटी पडत असतील तर फोटो बघून निदान करू नये. रोज शिकवणाऱ्या बाईंशी बोला एवढंच म्हणावं. आकड्यांबद्दल मात्र एक वाक्य घातलं, कारण तिने वर्षं देवनागरीत आणि अंतरं इंग्रजी आकड्यांत लिहिली होती. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ आठसारखा, ७ सहासारखा. एका पानावर दोन्ही आले की अक्षर कितीही चांगलं असो, परीक्षक चुकणार. एका उत्तरात एकच पद्धत.

आता सांगायचं कसं. फोटोवर मोबाइलच्या मार्कअपने लाल गोल केले, पण बाराच्या बारा नाही, पाच. गोल शब्दाभोवती, शब्दावर नाही, आणि बाजूला आकडा. उत्तर साधारण असं लिहिलं:

‘पान एका दमात वाचता आलं, फक्त बारा शब्दांवर थांबलो. अक्षरांची वळणं नीट आहेत, ती बदलू नका. थांबलो त्यातल्या नऊ ठिकाणी कारण शिरोरेषा आहे. गोल १ आणि २ पाहा: भ आणि ध वर रेघ सलग गेल्यामुळे म आणि घ वाचलं. गोल ३ आणि ४: रेघ पुढच्या शब्दाला जाऊन मिळाली आणि मध्ये जागा कमी पडली. पुढचे पंधरा दिवस फक्त रेघेकडे बघा. थ, ध, भ आला की वेटोळ्यावर रेघ थांबवून दंडापासून पुन्हा सुरू करा. शब्दाच्या शेवटच्या दंडावर रेघ संपवा आणि पुढे एक व मावेल एवढी जागा सोडा. गोल ५ अक्षराच्या उंचीचा आहे, तो नंतर बघू.’

‘एक व मावेल एवढी’ हे माप मुद्दाम. मिलिमीटर सांगितले तर लिहिताना कोणी मोजत नाही. स्वतःच्या हातचा ‘व’ सोबतच असतो, आणि अक्षर लहान झालं की मापही आपोआप लहान होतं. उदाहरण म्हणून मी ‘भरती’ हा एकच शब्द तिच्याच आकारात लिहून फोटो पाठवला. अख्खी ओळ लिहून पाठवली असती तर तिने माझं वळण गिरवायला घेतलं असतं.

एका वेळी एकच गोष्ट का, याचं कारण वेगात आहे. सवयीची हालचाल बदलली की पहिले काही दिवस हात मंदावतो. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर इतका मंदावतो की घड्याळ लावल्यावर तिन्ही सोडून दिल्या जातात. परीक्षा आठवड्यावर असती तर भ-ध चं नावही काढलं नसतं. फक्त शब्दांतली जागा सांगितली असती. जागा सोडायला नवीन वळण शिकावं लागत नाही, घाईतही ती टिकते.

सराव असा ठरला: रोज दहा मिनिटं. पहिली पाच मिनिटं सावकाश, थ-ध-भ भरपूर असलेली वाक्यं. ‘भर थंडीत धबधबा थबकला’ यासारखं काहीही चालेल. नंतरची पाच मिनिटं घड्याळ लावून उत्तराचा परिच्छेद, आणि तो लिहून झाल्यावर स्वतःच लाल पेनाने जिथे रेघ थांबवायची राहिली तिथे टिंब. नुसतं सावकाश लिहून सुधारलेलं अक्षर सावकाशच सुधारलेलं राहतं.

पंधरा दिवसांनी दुसरा फोटो आला, त्याच वहीवर, त्याच वेळात, विषय वेगळा. अडथळे पाच. ‘मरती’ छापाची चूक फक्त एकदा, तीही शेवटून दुसऱ्या ओळीत. शब्द सुटे झाले होते. पण एक नवी गोष्ट उगवली होती. ‘भ’वर रेघ थांबवायची म्हणून तिने हातच उचलला आणि पुढचं अक्षर लांब टाकलं. ‘भ रती’ अशा फटी शब्दाच्या आतच पडल्या. दोन अडथळे यांचेच. ही चूक उत्साहाची आहे आणि बहुतेकांची होते. तिला एवढंच कळवलं की फट वेटोळ्याच्या वर हवी, अक्षरांच्या मध्ये नको. रेघ ‘भ’च्या दंडापासून सुरू झाली की ती ‘र’वरून न तुटता ‘ती’पर्यंत जाऊ द्यायची. आधी अक्षरं नेहमीच्या अंतरावर लिहून घ्यायची, थांबायचं ते फक्त रेघ ओढताना.

उरलेल्या दोघांत उकार-मात्रेची टक्कर होती. आता ‘गोल ५’ काढायला हरकत नव्हती. अक्षराची उंची कमी करा असं नुसतं म्हटलं की लोक रुंदीही कमी करतात आणि सगळंच चिंचोळं होतं. म्हणून वहीच्या दोन रेघांच्या मध्ये पेन्सिलने फिकट मधली रेघ आखायला सांगितली, तीही पाच ओळींपुरतीच: दंडाचं टोक खालच्या छापील रेघेवर आणि शिरोरेषा या पेन्सिलच्या रेघेच्या किंचित वर. पुढच्या पाच ओळी पेन्सिलच्या रेघेशिवाय. तिसऱ्या फोटोत मागितल्या त्या फक्त या शेवटच्या पाच ओळी.